चौथा घात येतो कुठून? उजेडाने भरलेल्या पेटीवर कार्नो चक्र चालवून पाहू

इंदूरच्या सराफ्यात संध्याकाळी खाण्याच्या गाड्या लागायच्या आधी काही दुकानांच्या मागच्या खोलीत सोनं वितळवायची विजेची भट्टी चालू असते. रामबागेत माझ्याकडे बी.एस्सी.चं भौतिकशास्त्र शिकायला येणारी एक मुलगी अशाच एका घरातली. एक दिवस वही उघडायच्या आधीच तिने विचारलं, "काका, भट्टी तापत असताना झाकणाच्या भोकातून मूस स्पष्ट दिसते. पण भट्टी पुरती तापून तासभर तशीच राहिली, की मूस दिसेनाशी होते. कड नाही, सावली नाही, नुसता एकसारखा केशरी उजेड. झाकण उघडलं की मूस पुन्हा दिसायला लागते. ती मधल्या वेळात जाते कुठे?"

त्या आठवड्यात आम्ही नेमकं हेच प्रकरण करणार होतो: उष्णतेच्या प्रारणाची ऊर्जा-घनता तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात का असते. बहुतेक पुस्तकांत ही सिद्धता चार ओळींत उरकलेली असते, आणि त्या चार ओळी वाचून विद्यार्थ्याच्या हाती एक कलन तेवढं लागतं. चार हा आकडा कुठल्या क्षणी आणि कशामुळे आत शिरला, ते कळत नाही. तिच्या भट्टीपासूनच सुरुवात केली तर तो क्षण बोट ठेवून दाखवता येतो. त्यासाठी तुम्हाला एवढंच ठाऊक असायला हवं, की कार्नो यंत्राची कार्यक्षमता दोन तापमानांतला फरक भागिले वरचं तापमान इतकी असते, आणि त्याहून जास्त कार्यक्षम यंत्र उष्मागतिकीचा दुसरा नियम होऊ देत नाही.

पहिली पायरी: मूस का दिसेनाशी होते

बंद भट्टीत सगळ्या भिंती, मूस आणि आतलं सोनं एकाच तापमानाला आलं, की प्रत्येक पृष्ठभाग दोन कामं करतो. तो स्वतः प्रारण बाहेर टाकतो, आणि वर पडलेल्या प्रारणातलं काही परत फेकतो. काळी ग्रॅफाइटची मूस स्वतः पुष्कळ टाकते, परतवते थोडं. चकचकीत सोनं उलट: स्वतः थोडं टाकतं, परतवतं पुष्कळ. पण बेरीज दोघांचीही सारखीच येते. डोळ्याला बेरीजच दिसते, म्हणून मुशीची कड हरवते. झाकण उघडलं की वरून परत येणारं प्रारण बंद होतं, बेरजेतला दुसरा हिस्सा तुटतो आणि वस्तू वेगवेगळ्या दिसायला लागतात.

बेरीज सारखीच येते असं आपण म्हटलं खरं, पण ती तशी यायलाच हवी कशावरून? दुसरा नियम इथे पहिल्यांदा कामाला येतो. दोन बंद पेट्या घ्या, एक ग्रॅफाइटची, दुसरी विटेची, दोन्ही एकाच तापमानाला. दोघींना एका बारीक भोकाने जोडा. समजा ग्रॅफाइटच्या पेटीत दर घनमीटरमागे जास्त प्रारण आहे. मग भोकातून तिकडून इकडे जास्त ऊर्जा येईल. विटेची पेटी तापेल, ग्रॅफाइटची थंड होईल, आणि हे सगळं कोणीही काम न करता. मग त्या दोन तापमानांमध्ये यंत्र लावून फुकटात काम काढता येईल. दुसऱ्या नियमाला ते मान्य नाही. म्हणून दोन्ही पेट्यांत घनता एकच हवी. भोकावर रंगीत काच ठेवून हाच युक्तिवाद एकेका रंगासाठीही करता येतो. गुस्टाफ किरखोफने १८५९-६० मध्ये हे मांडलं.

हाती काय लागलं ते नीट पाहा. बंद पेटीतल्या प्रारणाची ऊर्जा-घनता u फक्त तापमान T वर अवलंबून असते. भिंत कशाची आहे, पेटी केवढी आहे, आत काय ठेवलं आहे, यांपैकी कशावरही नाही. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून घाई करू नका.

दुसरी पायरी: उजेड भिंतीला किती रेटतो

प्रकाशात ऊर्जा असते तसा संवेगही असतो. ऊर्जा भागिले प्रकाशाचा वेग, इतका. तो भिंतीवर आपटून परत फिरला की भिंतीला रेटा बसतो. मॅक्सवेलने १८७३ मध्ये हे विद्युतचुंबकीय सिद्धांतातून काढलं होतं. प्रत्यक्ष मोजलं ते लेबेदेवने मॉस्कोत, आणि त्याची मोजमापं १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली, इतका तो रेटा नाजूक आहे.

आपल्याला दाबाचं नेमकं प्रमाण हवं आहे. पेटीतलं प्रारण सगळ्या दिशांना सारखं धावतं. त्यातला एक किरण घ्या. तो उभ्या अक्षाशी एक कोन करतो, आडव्या दोन अक्षांशी आणखी दोन. एखाद्या अक्षाला काटकोनात असलेल्या भिंतीवर या किरणाचा रेटा त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाइतक्या प्रमाणात असतो. एक कोसाइन संवेगाचा त्या दिशेचा हिस्सा देतो, दुसरा कोसाइन भिंतीवर आपटण्याचा वेग. आणि तिन्ही कोसाइनच्या वर्गांची बेरीज नेहमीच १ असते. म्हणजे तिन्ही अक्षांवरच्या दाबांची बेरीज u इतकी. पेटीत कुठलीच दिशा लाडकी नाही, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला तिसरा हिस्सा:

p = u/3

इथे वायूची आठवण येऊन घोटाळा होतो. एकअणुक वायूत दाब ऊर्जा-घनतेच्या २/३ असतो, १/३ नाही. कारण रेणूसाठी संवेग गुणिले वेग म्हणजे गतिज ऊर्जेची दुप्पट. प्रकाशासाठी संवेग गुणिले वेग म्हणजे बरोबर ऊर्जा, एकपट. ही एकपट आणि दुप्पट लक्षात असू द्या, थोड्या वेळाने ती परीक्षा घेणार आहे.

तिसरी पायरी: दट्ट्या ओढताना किती उष्णता लागते

आता एक सिलिंडर घ्या. आत हवा नाही, फक्त प्रारण. एका बाजूला आरशासारखा दट्ट्या, दुसऱ्या बाजूची भिंत एका मोठ्या भट्टीला टेकलेली, म्हणजे तापमान स्थिर. दट्ट्या सावकाश ओढून जागा एक घनमीटरने वाढवा.

वायू असता तर तो विरळ झाला असता आणि दाब उतरला असता. इथे तसं होत नाही. तापमान तेच आहे, म्हणून पहिल्या पायरीनुसार घनताही तीच राहायला हवी. भिंत नवं प्रारण सोडते आणि मोकळी झालेली जागा भरून काढते. दाबही जराही हलत नाही. मी मुलांना घरातल्या कुकरचं उदाहरण देतो. कुकरमध्ये पाणी शिल्लक असेल तोवर वाफेचा दाब फक्त तापमानावर ठरतो. वाफेला जागा वाढवून दिली तर आणखी पाणी वाफ होतं, दाब तोच राहतो. आपल्या सिलिंडरमध्ये पाण्याची जागा भिंतीने घेतली आहे आणि वाफेची प्रारणाने.

भट्टीने या एक घनमीटरसाठी किती उष्णता दिली? दोन खर्च आहेत. नव्या जागेत प्रारण भरायला u इतकी ऊर्जा. आणि दट्ट्याला रेटून बाहेर ढकलायला p इतकं काम, म्हणजे u/3. एकूण

Q = u + u/3 = (4/3) u

इथे थांबा. या ओळीकडे पुन्हा पाहा. उष्णतेचे चार भाग, त्यातले तीन प्रारण भरण्यात गेले, एक भाग दट्ट्या ढकलण्यात. दाब एक भाग आणि उष्णता चार भाग. चौथ्या घातातला चार इथे जन्माला आला. दुसरा नियम अजून या पायरीत बोलायचाच आहे. तो फक्त हा चार उचलून घाताच्या जागी नेऊन ठेवणार आहे.

चौथी पायरी: एक टक्क्याचं चक्र

कलन बाजूला ठेवून आकड्यांनीच करू. भट्टीचं तापमान १२०० केल्विन धरा. (केल्विनच, सेल्सिअस नाही, कारण पुढे येईल.) चक्र असं चालवायचं:

आधी १२०० केल्विनला दट्ट्या ओढून एक घनमीटर जागा वाढवा. भट्टीने (4/3)u इतकी उष्णता दिली. मग सिलिंडर भट्टीपासून सोडवा, उष्णतेची ये-जा बंद करा आणि दट्ट्या किंचित आणखी ओढा, म्हणजे प्रारण दट्ट्याला ढकलता ढकलता थंड होईल. ११८८ केल्विनला, म्हणजे बरोबर एक टक्का खाली आलं की थांबा. आता ११८८ केल्विनच्या दुसऱ्या भट्टीला टेकवून दट्ट्या परत आत ढकला. उष्णता तिकडे जाईल. शेवटी पुन्हा ये-जा बंद करून थोडं दाबा आणि १२०० ला परत या.

या चक्रातून निव्वळ काम किती मिळालं? बाहेर जाताना दाब जास्त होता, परत येताना कमी. काम म्हणजे दाबातला फरक गुणिले एक घनमीटर. समजा ऊर्जा-घनता तापमानाच्या n व्या घातात बदलते. मग तापमान एक टक्का उतरलं की दाब n टक्के उतरतो. म्हणून काम = p चे n टक्के, म्हणजे u/3 चे n टक्के.

दुसरा नियम काय म्हणतो? कार्नो चक्राने घेतलेल्या उष्णतेपैकी १२ भागिले १२००, म्हणजे एक टक्का काम द्यायलाच हवं. कमीही नाही आणि जास्तही नाही. उष्णता (4/3)u होती, म्हणून काम = (4/3)u चा एक टक्का.

दोन्ही कामं एकच आहेत:

n × (u/3) × 1% = (4/3) u × 1%

दोन्हीकडून u/3 काढून टाका. उरलं n = 4.

मुलीने वहीवर ही ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं. "एवढंच?" एवढंच. लुडविग बोल्ट्झमनने १८८४ मध्ये ग्राझ इथे हाच विचार मांडला. त्याच्या आधी १८७६ मध्ये इटलीत बार्तोलीने उलट बाजूने सांगितलं होतं, की हलत्या आरशांनी प्रारण थंड जागेतून गरम जागेत ढकलता येतं, म्हणून प्रकाशाला दाब नसेल तर दुसरा नियम मोडतो. बोल्ट्झमनने त्या कल्पनेला मॅक्सवेलच्या नेमक्या u/3 ची जोड दिली.

कलनात लिहायचं तर तीच गोष्ट अशी:

u + p = T × (dp/dT)

यात p = u/3 घातलं की du/dT = 4u/T येतं, आणि त्याचं उत्तर u = aT⁴. वाफेच्या दाबाचं क्लॉशियस-क्लापेरॉन समीकरण ज्याने केलं आहे, त्याला पहिली ओळ ओळखीची वाटेल. ती तीच आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाच्या उष्णतेच्या जागी इथे (4/3)u आली आहे.

पाचवी पायरी: ३.९४ चं काय?

दुसऱ्या दिवशी ती कॅल्क्युलेटर घेऊन आली. म्हणाली, "काका, चौथा घात खरा असेल तर एक टक्का तापमान उतरल्यावर दाब चार टक्के उतरत नाही. ०.९९ चा चौथा घात ०.९६०६ येतो. म्हणजे दाब ३.९४ टक्केच उतरला. मग आपली बेरीज चुकली ना?"

हा प्रश्न मनापासून आवडला मला. नियम पाठ करून सोडून देणाऱ्याला तो सुचत नाही.

आपण चक्राच्या खालच्या बाजूला जागेतला फरक एक घनमीटरच धरला होता. तो एक घनमीटर राहत नाही. ये-जा बंद असताना प्रारण थंड होतं ते पसरून, आणि किती पसरायचं ते ठरलेलं आहे: आकारमान गुणिले तापमानाचा घन, VT³, स्थिर राहतो. तापमान ०.९९ पट झालं की आकारमान १ भागिले ०.९९ चा घन, म्हणजे १.०३०६ पट होतं. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही आकारमानं याच प्रमाणात वाढतात. म्हणून वर एक घनमीटर असलेला फरक खाली १.०३०६ घनमीटर होतो. चक्राची आकृती काढली तर ती खाली किंचित रुंद होत जाणारी पट्टी दिसते.

सरासरी रुंदी १.०१५ धरा. ३.९४ गुणिले १.०१५ म्हणजे ४.००. एक टक्का उतार, चार टक्के काम, बरोबर. पुढे तिने पट्टीचं क्षेत्रफळ कलनाने काढलं, तेव्हा कुठलाही अंदाज न घेता उत्तर नेमकं आलं: तापमान एक टक्का उतरवा किंवा चाळीस टक्के, या चक्राची कार्यक्षमता काटेकोरपणे कार्नोइतकीच येते. सिद्धता तपासायची असेल तर हे गणित स्वतः करून पाहा. चौथ्या घाताऐवजी दुसरा कुठलाही घात घातलात तर दोन बाजू जुळणार नाहीत.

VT³ स्थिर, हेही मनात ठेवण्यासारखं आहे. पेटी आठपट मोठी केली की तापमान निम्मं होतं. ऊर्जा-घनता सोळाव्या हिश्शावर येते, एकूण ऊर्जा निम्मी उरते. गेलेली निम्मी दट्ट्या ढकलण्यात खर्च झाली.

कुठे अडतं, आणि अडलं आहे हे कसं ओळखायचं

वर्षानुवर्षं वह्या तपासताना त्याच दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात, आणि चांगली गोष्ट अशी की चूक कुठली ते उत्तराच्या घातावरून ओळखता येतं.

घात अडीच आला, तर तुम्ही वायूचा दाब घातला आहे. p = 2u/3 घेतलं की उष्णता (5/3)u होते, दाब (2/3)u, आणि पाच भागिले दोन म्हणजे अडीच. दुसऱ्या पायरीतली एकपट-दुप्पट इथे परीक्षा घेते.

घात तीन आला, तर दट्ट्या ढकलण्याचा खर्च विसरला आहात. उष्णता फक्त u धरली, दाब u/3, भागाकार तीन. ही चूक सगळ्यांत जास्त होते, कारण "भिंतीने जागा भरून काढली" एवढंच डोक्यात राहतं. बरं, तीन हे उत्तर एका जागी खरंही आहे: सपाट, दोन मितींच्या जगात. तिथे दोनच अक्ष असतात, p = u/2, उष्णता दीडपट, आणि भागाकार तीन. घातातला चार हा आपल्या जागेच्या तीन मिती अधिक एक आहे, हे यातून दिसतं.

तिसरी अडचण घातावरून दिसत नाही. आरशाच्या भिंती आणि आरशाचा दट्ट्या घेतला तर प्रारण भिंतीशी काही देवाणघेवाण करत नाही. प्रकाशाचे किरण एकमेकांशी टक्करतही नाहीत. मग आत एका रंगाचा उजेड बंद केला तर तो तसाच फिरत राहील, त्याला तापमान म्हणून काही असणार नाही. म्हणून पेटीत कुठेतरी कोळशाचा एक कण हवा, जो शोषतो आणि सोडतो. कण कितीही लहान चालतो; वेळ तेवढा जास्त लागतो. समतापी पायरीत हे काम भट्टीला टेकलेली भिंत करते.

आणि पेटी फार लहान असून चालत नाही. १२०० केल्विनला प्रारण सर्वांत जोरकस असतं ते सुमारे २.४ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ. पेटी त्याच मापाची झाली की सगळ्या दिशा आणि सगळ्या तरंगलांबी तिच्यात मावत नाहीत, "फक्त तापमानावर अवलंबून" हे वाक्य ढासळतं आणि त्यावर उभी असलेली सिद्धताही.

दुसरा नियम जे देत नाही

u = aT⁴ मधला a किती, हे या सिद्धतेतून निघत नाही. कलनात तो स्थिरांक म्हणून येतो आणि तसाच राहतो. त्याचं मूल्य मोजावं लागतं. ते आधी का काढता येत नव्हतं ते १९०० मध्ये प्लांकचं सूत्र आल्यावर कळलं: त्यात प्लांकचा स्थिरांक दडलेला आहे, आणि उष्णतेच्या नियमांत तो कुठेच नाही. आजचं मूल्य ७.५६६ × १०⁻¹⁶ जूल प्रति घनमीटर प्रति केल्विन-चतुर्घात.

घात मात्र बोल्ट्झमनच्या आधी त्याच्या गुरूच्या हाती लागला होता. योसेफ श्टेफानने १८७९ मध्ये व्हिएन्नात टिंडलच्या तापलेल्या प्लॅटिनम तारेच्या नोंदी तपासल्या. ५२५ अंश सेल्सिअसला तार जेवढं प्रारण टाकत होती, त्याच्या ११.७ पट ती १२०० अंशाला टाकत होती. केल्विनमध्ये ही तापमानं ७९८ आणि १४७३. भागाकाराचा चौथा घात काढा: ११.६. प्लॅटिनमची तार काही आदर्श काळी वस्तू नव्हे, म्हणून हे जुळणं जरा नशिबाचंही होतं. पण श्टेफानचा अंदाज खरा ठरला, आणि पाच वर्षांनी त्याच्या शिष्याने त्याला दुसऱ्या नियमाचा पाया दिला. बंद पेटीला भोक पाडून काटेकोर मोजमाप लुमर आणि प्रिंग्सहाइम यांनी १८९७ मध्ये केलं.

शेवटची पायरी: पुन्हा सराफ्यात

आता तिच्या भट्टीचे आकडे घालू. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे १३३७ केल्विनला. aT⁴ काढलं तर भट्टीतली प्रारणाची घनता येते दर घनमीटरला ०.००२४ जूल. हा आकडा पाहून ती गोंधळली, आणि गोंधळायलाच हवं. त्याच भट्टीतल्या हवेत दर घनमीटरला सुमारे अडीच लाख जूल असतात, दहा कोटी पट जास्त. एवढ्याशा ऊर्जेने चेहरा कसा भाजतो?

कारण ती थांबत नाही. भोकातून बाहेर पडणारं प्रारण म्हणजे घनता गुणिले प्रकाशाचा वेग भागिले चार. चारने भागायचं ते दोन गोष्टींमुळे: आतलं निम्मंच प्रारण भोकाच्या दिशेने धावत असतं, आणि धावणाऱ्यातलं बरंचसं तिरकं असतं, ते सरासरीने पुन्हा निम्मं करतं. ०.००२४ ला तीस कोटी मीटर प्रति सेकंदाने गुणून चारने भागा: दर चौरस मीटरला सुमारे एक लाख एक्याऐंशी हजार वॅट, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १८ वॅट. विद्यार्थी घनता आणि भोकातून येणारा प्रवाह यांची गल्लत करतात ती इथेच. दोन्ही T⁴ च्या प्रमाणात आहेत, पण एक पेटीत साठलेलं आहे आणि दुसरं दर सेकंदाला बाहेर जाणारं. स्थिरांकही वेगळे: प्रवाहाचा ५.६७ × १०⁻⁸, आणि तो म्हणजे a गुणिले प्रकाशाचा वेग भागिले चार.

मग मी तिला विचारलं, भट्टी ८०० अंशाला असताना आणि सोनं वितळायच्या वेळी, भोकातून येणाऱ्या प्रारणात किती पटींचा फरक? तिने झटकन १०६४ ला ८०० ने भागून चौथा घात काढला आणि ३.१ सांगितलं. नंतर स्वतःच खोडलं. कार्नोची कार्यक्षमता केल्विनमधल्या तापमानावर उभी आहे, चौथा घात तिथूनच आला आहे, म्हणून तो केल्विनलाच लागू. १३३७ भागिले १०७३, चौथा घात २.४. आधी चौरस सेंटीमीटरला साडेसात वॅट, नंतर १८.

त्यांच्या भट्टीच्या झाकणाचं भोक दोन सेंटीमीटर व्यासाचं आहे, म्हणजे तीन चौरस सेंटीमीटरहून थोडं जास्त. वितळायच्या वेळी एवढ्याशा भोकातून सुमारे सत्तावन्न वॅट बाहेर पडतात, एखाद्या जुन्या साठ वॅटच्या बल्बएवढे, आणि त्यातलं बहुतेक डोळ्याला न दिसणारं अवरक्त. "आमचे कारागीरकाका," ती म्हणाली, "बघून झालं की भोकावर लगेच विटेचा तुकडा सरकवतात."